त्रेपन्न टक्के की सत्तावन्न टक्के? ऑत्झीचं वय काढताना

हे गणित तुम्ही बारावीत किंवा बीएस्सीला कुठेतरी सोडवलेलंच असेल. एका जुन्या नमुन्यात कार्बन-१४ मूळच्या ५३ टक्के उरला आहे, अर्धायुष्य, म्हणजे आपल्या बोलण्यातलं हाफ-लाइफ, ५७३० वर्षं आहे, तर नमुन्याचं वय किती? अनेक पुस्तकांत या गणिताला नावही दिलेलं असतं: ऑत्झी, आल्प्समधला हिममानव. सूत्रात आकडे घातले की सुमारे ५२५० वर्षं असं उत्तर येतं आणि ते बरोबरही आहे.

गंमत अशी की ऑत्झीच्या अवशेषांवर प्रत्यक्ष मोजमाप झालं तेव्हा प्रयोगशाळेला ५३ टक्के हा आकडा मिळालेलाच नव्हता. मिळालेला आकडा ५७ टक्क्यांच्या जवळ होता. तो त्याच सूत्रात घातला तर वय ४७०० वर्षांच्याही खाली येतं. म्हणजे सूत्र तेच, हाडं तीच, आणि उत्तरात साडेपाचशे वर्षांचा फरक. यातला कोणताच आकडा खोटा नाही. मग फरक येतो कुठून? ज्यांना पुढे पुरातत्त्व, भूविज्ञान किंवा हवामानाच्या इतिहासावर काम करायचं आहे, त्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावं. पुढच्या प्रत्येक वयनिश्चितीच्या तक्त्यात हाच प्रश्न दडलेला असतो.

आधी सूत्र

किरणोत्सारी अणूंची संख्या ठरावीक काळात निम्मी होते. एक अर्धायुष्य संपलं की १/२ उरतात, दोन संपली की १/४, तीन संपली की १/८. मधल्या कुठल्याही वेळेसाठी हेच असं लिहितात:

```
N = N0 × (1/2)^(t/T)
t = (T / ln 2) × ln(N0 / N)
```

इथे N म्हणजे आज उरलेलं प्रमाण, N0 म्हणजे सुरुवातीचं, T म्हणजे अर्धायुष्य आणि t म्हणजे आपल्याला हवं असलेलं वय. T = ५७३० घेतलं तर T / ln 2 ची किंमत सुमारे ८२६७ वर्षं येते. ५३ टक्क्यांसाठी N0/N = १/०.५३, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६३५, आणि ८२६७ ने गुणलं की ५२५० वर्षं.

आता या सूत्राकडे जरा संशयानं बघा. T आपण वेगळ्या प्रयोगातून आणतो. N आज मोजता येतो. पण N0? ऑत्झी जिवंत असताना त्याच्या शरीरात किती कार्बन-१४ होता हे मोजायला तेव्हा कुणीच नव्हतं. पुस्तकातलं गणित 'मूळच्या ५३ टक्के' असं म्हणतं तेव्हा ते 'मूळचं किती' हे आपल्याला फुकटात देऊन टाकतं. खऱ्या कामात तेच मिळत नाही.

प्रयोगशाळा नेमकं काय मोजते

१९ सप्टेंबर १९९१ रोजी हेल्मुट आणि एरिका सिमॉन या जर्मन दांपत्याला ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेजवळ, ३२०० मीटरच्या वर, बर्फातून अर्धवट बाहेर आलेला मृतदेह दिसला. सुरुवातीला तो एखाद्या अलीकडच्या गिर्यारोहकाचा असावा असंच वाटलं होतं. सोबत मिळालेल्या कुऱ्हाडीवरून पुरातत्त्वज्ञ कोनराड श्पिंडलर यांनी तो काही हजार वर्षं जुना असल्याचा अंदाज केला. वर्षांचा आकडा मिळाला तो कार्बन-१४ मधून. त्यासाठी ऊती आणि हाडांचे अगदी लहान तुकडे झुरिक आणि ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळांत गेले.

अशा नमुन्याचं काय करतात? हाड असेल तर आधी आम्लानं खनिजाचा भाग काढून टाकतात आणि कोलॅजेन हे प्रथिन वेगळं करतात, कारण हाडातल्या खनिजात जमिनीतल्या पाण्यामधला परका कार्बन सहज शिरतो. मग कोलॅजेन जाळून कार्बन डायऑक्साइड बनवतात आणि त्याचं ग्राफाइट करतात. एखादा मिलिग्रॅम कार्बन पुरतो. हे ग्राफाइट अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालून कार्बन-१४ चे अणू थेट मोजतात आणि त्यांचं कार्बन-१२ शी असलेलं गुणोत्तर काढतात. कार्बन-१३ सुद्धा मोजतात, कारण सजीव हलका कार्बन थोडा जास्त पसंत करतात आणि त्यामुळे पडणारा फरक दुरुस्त करावा लागतो.

हे गुणोत्तर एकटं काही सांगत नाही. ते कशाशी तरी ताडून बघावं लागतं. म्हणून त्याच यंत्रात, त्याच दिवशी, एक प्रमाण पदार्थ मोजतात. मूळ प्रमाण पदार्थ म्हणजे १९५५ च्या बीटच्या साखरेपासून तयार केलेलं ऑक्झॅलिक आम्ल. त्याच्या मापावरून एक काल्पनिक '१९५० सालची स्वच्छ हवा' ठरवलेली आहे. कोळसा-पेट्रोल जाळल्यामुळे किंवा अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ बदललाच नसता तर १९५० मध्ये तो जितका असता, तितका हा संदर्भ. शोधनिबंधातलं 'उरलेलं प्रमाण' या संदर्भाच्या तुलनेत असतं, नमुन्याच्या स्वतःच्या मूळ प्रमाणाच्या तुलनेत नाही.

ऑत्झीचं प्रसिद्ध झालेलं रेडिओकार्बन वय सुमारे ४५५० वर्षं आहे, अनिश्चितता वीसेक वर्षांची. हे वय कसं मांडतात याचे नियम ठरलेले आहेत (ते पुढे येतातच), त्यामुळे उलट हिशोब करून प्रमाण काढता येतं: ०.५६७५. म्हणजे ऑत्झीच्या कोलॅजेनमधला कार्बन-१४ हा १९५० च्या संदर्भाच्या ५६.७५ टक्के होता.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ऑत्झीत त्याच्या स्वतःच्या मूळ प्रमाणाच्या ५३ टक्के उरला होता. १९५० च्या संदर्भाच्या तो ५६.७५ टक्के होता. दोन्ही एकाच वेळी खरं असायचं तर एकच शक्यता आहे: ऑत्झी जगत होता तेव्हा हवेत कार्बन-१४ संदर्भापेक्षा जास्त होता. किती जास्त? ५६.७५ भागिले ५३, म्हणजे १.०७. सात टक्के जास्त. साडेपाचशे वर्षांचा सगळा घोळ या सात टक्क्यांचा आहे.

N0 स्थिर का नसतो

कार्बन-१४ वातावरणाच्या वरच्या थरात, वैश्विक किरणांमुळे नायट्रोजनपासून सतत तयार होत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमजोर असेल तर जास्त वैश्विक किरण आत येतात आणि कार्बन-१४ जास्त बनतो. सूर्य जास्त सक्रिय असेल तर कमी बनतो. शिवाय समुद्र किती कार्बन शोषतो आणि किती परत सोडतो यावरही हवेतलं प्रमाण ठरतं.

विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत उभी केली तेव्हा हवेतलं प्रमाण कायम सारखं राहिलं असावं असं धरलं होतं. सुरुवातीला ते धरणं वाजवीच होतं, कारण तेव्हाच्या मोजमापांतली अनिश्चितता इतकी मोठी होती की काही टक्क्यांचा फरक तिच्यात बुडून जाई. मोजमाप सुधारलं तसा हा फरक उघडा पडला.

मग वय काढायचं कसं? झाडांना विचारून

झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय तयार होतं आणि त्या वलयातलं सेल्युलोज त्या वर्षीच्या हवेतल्या कार्बनचं असतं. वलय एकदा तयार झालं की हवेशी देवाणघेवाण थांबते. वलयांची गणना करून त्याचं वर्ष ठरतं, त्यासाठी किरणोत्सार लागतच नाही. एकच झाड हजारो वर्षं मागे नेत नाही, पण जुन्या आणि नव्या खोडांमधले रुंद-अरुंद वलयांचे नमुने जुळवत साखळी मागे नेता येते. जर्मनीतल्या नद्यांच्या गाळात गाडलेले ओक आणि कॅलिफोर्नियातले ब्रिसलकोन पाइन यांतून अशा लांब साखळ्या तयार झाल्या.

आता प्रत्येक वलयात आज किती कार्बन-१४ उरला आहे ते मोजा. तयार होईल एक तक्ता: एका बाजूला खरं वर्ष, दुसऱ्या बाजूला १९५० च्या संदर्भाच्या तुलनेतलं प्रमाण. हाच कॅलिब्रेशनचा आलेख. उत्तर गोलार्धासाठी सध्या वापरात असलेला इंटकॅल२० हा आलेख सुमारे ५५,००० वर्षं मागे जातो. तिथवर झाडं पुरत नाहीत, म्हणून जुन्या भागात तळ्यांचे थर, गुहेतले चुनखडीचे थर आणि प्रवाळ यांची मदत घेतलेली आहे.

ऑत्झीसाठी आपला प्रश्न आता असा होतो: कोणत्या वर्षाच्या वलयात आज ०.५६७५ उरलेलं सापडतं? लक्षात आलं का काय झालं ते? N0 माहीत असण्याची गरज संपली, कारण त्या वलयाचा N0 आणि ऑत्झीचा N0 एकाच हवेतून आलेला आहे. आणि अर्धायुष्याचीही गरज उरली नाही, कारण दोघांमधला क्षय तितकीच वर्षं, त्याच वेगानं झालेला आहे.

यामुळे एक जुना गोंधळही सुटतो. शोधनिबंधात 'अमुक इतकी वर्षं बीपी' असं रेडिओकार्बन वय असतं, तेव्हा ते ५७३० नव्हे तर ५५६८ हे लिबी यांच्या काळचं अर्धायुष्य वापरून काढलेलं असतं. बीपी म्हणजे १९५० च्या आधी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ५७३० हा सुधारित आकडा मिळाला होता, पण तोपर्यंत शेकडो वयं जुन्या आकड्यानं प्रसिद्ध झालेली होती. तुलना बिघडू नये म्हणून जुनाच आकडा पाळायचं ठरलं. त्यानं नुकसान होत नाही. आलेख काढताना वलयांसाठीही ५५६८ च वापरतात, त्यामुळे ती चूक दोन्ही बाजूंना सारखी होऊन कटते. रेडिओकार्बन वय म्हणजे खऱ्या अर्थानं वय नाहीच, उरलेलं प्रमाण लिहायची ती एक पद्धत आहे.

नुकसान होतं ते सरमिसळ केल्यावर. आपल्याकडच्या जुन्या उत्खनन अहवालांमध्ये, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत वयं काढली जात होती त्या काळातल्या याद्यांमध्ये, ५५६८ आणि ५७३० अशा दोन्ही अर्धायुष्यांची वयं शेजारी-शेजारी छापलेली दिसतात. कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचा तो नेहमी ५५६८ वाला आकडा. दुसरा घातला तर वय सरळ तीन टक्क्यांनी फुगतं. ३००० चे ३०९० होतात आणि सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही. एखाद्या जुन्या तक्त्यात एकच आकडा असेल आणि कोणतं अर्धायुष्य वापरलं ते दिलं नसेल, तर प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक घेऊन मूळ यादी शोधावी.

अचूक मोजलं तरी अडीचशे वर्षं का?

ऑत्झीच्या मोजमापातली अनिश्चितता वीसेक वर्षांची. तरी त्याचा काळ सांगताना इ.स.पू. ३३५० ते ३१०० असा जवळजवळ अडीचशे वर्षांचा पट्टा सांगतात. हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं.

कारण असं. हवा स्थिर असती तर शंभर वर्षं मागे गेल्यावर उरलेलं प्रमाण सुमारे १.२ टक्क्यांनी कमी झालं असतं. म्हणजे एका शतकाची खूण फक्त १.२ टक्के. आता समजा एखाद्या शतकात हवेतलंच प्रमाण साधारण तितकंच घसरत गेलं. मग त्या शतकाच्या सुरुवातीला मेलेल्या जीवानं जास्त कार्बन-१४ घेऊन सुरुवात केली, पण त्याचा क्षय जास्त वर्षं झाला. शेवटी मेलेल्यानं कमी घेतला, पण त्याचा क्षय कमी झाला. आज दोघांत सारखंच उरलेलं सापडतं. आलेखावर हा भाग सपाट दिसतो. ऑत्झीच्या काळात आलेख असाच रेंगाळतो आणि वर-खाली हलतो, त्यामुळे एकच प्रमाण एकापेक्षा जास्त काळांशी जुळतं.

इथे आणखी चांगलं यंत्र फारसं कामाला येत नाही, कारण धूसरपणा मोजमापात नसून हवेच्या इतिहासात आहे. इ.स.पू. ८०० ते ४०० या दरम्यान तर आलेखाचा फार मोठा सपाट भाग आहे. विदर्भातली लोहयुगीन शिलावर्तुळं याच शतकांच्या आसपास ठेवली जातात. तिथल्या एका सुट्या कोळशाच्या तुकड्यावरून 'इ.स.पू. सहावं शतक' असं ठामपणे म्हणणारं वाक्य दिसलं तर थांबून पट्टा किती रुंद आहे ते बघा. यावरचा उपाय म्हणजे क्रम माहीत असलेले अनेक नमुने घेणं: एकावर एक असलेल्या थरांतले, किंवा एकाच लाकडातली ठरावीक अंतरावरची वलयं. एक आकडा सपाट भागावर कुठेही बसू शकतो, पण पाच आकड्यांचा क्रम आलेखावर कुठेही बसत नाही.

एक टक्का परका कार्बन

शेवटची अडचण N ची. समजा नमुना नीट साफ झाला नाही आणि त्यातला १ टक्का कार्बन आजचा आहे: हाताळताना लागलेला, मुळांतून आलेला किंवा जतन करायला वापरलेल्या गोंदातला. सोपेपणासाठी या आजच्या कार्बनचं प्रमाण १ धरू. तर

```
F' = 0.99 × F + 0.01
```

ऑत्झीसाठी F = ०.५६७५, म्हणजे F' = ०.५७१८. वय ४५५० ऐवजी ४४९० येतं. साठ वर्षांची चूक. वाईट आहे, पण झेपणारी.

आता ४०,००० रेडिओकार्बन वर्षांचा नमुना घ्या. त्यात उरलेलं प्रमाण फक्त ०.००६९. एक टक्का परका कार्बन मिसळला की ते ०.०१६८ होतं आणि वय येतं सुमारे ३२,८००. सात हजार वर्षं गायब! आणि ज्यात कार्बन-१४ अजिबात नसावा असा कोट्यवधी वर्षांचा दगडी कोळसा घेतला तरी तेवढ्याच भेसळीनं तो ३७,००० वर्षांचा 'निघतो'. तिथे यंत्र मोजतं ते फक्त भेसळ.

म्हणूनच प्रत्येक प्रयोगशाळा नमुन्यांच्या रांगेत असा एखादा अतिप्राचीन पदार्थही त्याच रसायनांतून, त्याच काचेतून नेते. त्याच्यात जो कार्बन-१४ सापडतो तो आपणच घातलेला, हे उघड असतं, आणि तो बाकीच्यांतून वजा करतात. तुमच्या वाचनात ३०,००० च्या पुढचं वय आलं तर या पार्श्वभूमीच्या मापाचा आकडा दिला आहे का ते शोधा. हाडावरचं वय असेल तर कोलॅजेन किती टक्के मिळालं आणि त्यातलं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर किती हेही बघा. अणूंच्या संख्येत हे गुणोत्तर साधारण २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं असेल, तर मोजलेला कार्बन हाडाचाच आहे याची खात्री राहत नाही.

म्हणून वयनिश्चितीचा तक्ता हातात आला की वयाच्या रकान्याकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी उरलेलं प्रमाण कशाच्या तुलनेत आहे, वय कोणत्या अर्धायुष्यानं काढलंय आणि कॅलिब्रेशन कोणत्या आलेखानं केलंय, एवढं तपासा. यातलं एखादं उत्तर निबंधात सापडलं नाही, तर त्या वयावर आपला स्वतःचा युक्तिवाद उभा करण्याआधी ते उत्तर शोधून काढावं लागेल.